जुनं कुठे, नवं कुठे: लॅमिंग्टन रोडवर कमी पैशांत पीसी जुळवताना

२०२५ च्या मे महिन्यात माझ्या भाच्यासाठी पीसी जुळवायचा होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कॉलेजच्या कामाला कॅड आणि सुट्टीत थोडे गेम. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात होते. बाकीच्यासाठी बजेट ३५ हजार. तो आधीच भाव काढून आला होता आणि म्हणाला, "मामा, सगळंच सेकंड-हँड घेतलं तर साडेसत्तावीस हजारांत बसतंय. उरलेल्यात खुर्ची येईल."

खुर्ची आली नाही. आम्ही ३४ हजार खर्च केले, तीन भाग जुने घेतले आणि चार नवे. कोणते तीन आणि ते का, हे पहिल्यांदाच पीसी जुळवणाऱ्यांसाठी इथे सविस्तर लिहितो. आम्ही ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर फिरलो. पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हणा. पुण्यात, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर घेणार असाल, तरी पद्धत हीच चालेल.

पायरी १: बाजारात जाण्याआधी वहीत तीन रकाने आखा

प्रत्येक भागाचा नव्याचा भाव, जुन्याचा भाव आणि दोघांतला फरक. बहुतेक जण जुन्याचा भाव बघून खूश होतात आणि फरक मांडतच नाहीत. त्या आठवड्यात आमच्या वहीत असं होतं (रुपयांत):

| भाग | नवा | जुना | वाचणारे |
|---|---|---|---|
| प्रोसेसर | ९,५०० | ४,५०० | ५,००० |
| ग्राफिक्स कार्ड | २०,५०० | १२,५०० | ८,००० |
| रॅम १६ जीबी | ३,२०० | २,००० | १,२०० |
| मदरबोर्ड | ५,५०० | ३,३०० | २,२०० |
| एसएसडी ५०० जीबी | ३,००० | १,८०० | १,२०० |
| पॉवर सप्लाय | ४,००० | २,२०० | १,८०० |
| कॅबिनेट | २,५०० | १,२०० | १,३०० |

प्रोसेसरच्या ओळीत नवा म्हणजे रायझन ५ ५६०० आणि जुना म्हणजे रायझन ५ ३६००. म्हणजे ही तुलना अगदी सारख्याला सारखी नाही, नवा एक पिढी पुढचा आहे. कार्ड दोन्हीकडे आरएक्स ६६००.

बेरीज केली की नवं सगळं ४८,२०० आणि जुनं सगळं २७,५००. वाचणारे २०,७००. पण त्यातले १३,००० फक्त दोन ओळींतून येतात, प्रोसेसर आणि कार्ड. मदरबोर्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट हे चारही जुने घेऊन हाती लागतात ६,५००. म्हणून सगळा वेळ आणि सगळी पारख त्या दोन भागांवर लावायची.

तुम्ही हे वाचाल तेव्हा आकडे बदललेले असतील. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आणि जुन्या रॅमचेही त्यांच्यामागे गेले. म्हणून माझी वही उतरवून घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी स्वतःची भरा.

पायरी २: प्रत्येक भागाला दोन प्रश्न

पहिला प्रश्न: याची झीज मला दुकानात अर्ध्या तासात दिसेल का? दुसरा: हा मेला तर एकटा मरेल, की सोबत आणखी कुणाला घेऊन जाईल?

पॉवर सप्लाय दोन्ही प्रश्नांत नापास होतो. आतले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, आणि बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पीसी चालू होतो, सगळं ठीक वाटतं. त्याची खरी परीक्षा मोजणीच्या यंत्रावर पूर्ण भार देऊन होते आणि ते यंत्र दुकानाच्या काउंटरवर नसतं. शिवाय तो बिघडला तर प्रत्येक भागाला वीज त्याच्याकडूनच जाते. काही वर्षांपूर्वी मी एक जुना सप्लाय घेतला होता, फार तर दीड हजार वाचवण्यासाठी. महिन्याभरात एका संध्याकाळी पीसी बंद पडला तो पडलाच. सप्लाय गेला आणि मदरबोर्डही घेऊन गेला. तो बोर्ड माझा नव्हता, मित्राचा होता. तेव्हापासून सप्लाय मी सीलबंद आणि बिलावरच घेतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा, हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा '४५० वॅट'वालाही नको. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, ५५० वॅटचा आमच्या यंत्राला भरपूर झाला. हे कार्ड साधारण १३२ वॅट घेतं आणि प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे.

एसएसडीची झीज मात्र दिसते. CrystalDiskInfo उघडलं की किती तास चालली, किती लिहिलं गेलं, आरोग्य किती टक्के, हे सगळं समोर येतं. तरी आम्ही नवी घेतली, कारण तिच्यासोबत भाच्याचे प्रोजेक्ट जाणार होते आणि वाचणारे होते १,२०० रुपये. जुनी हार्ड डिस्क तर मी महत्त्वाच्या कामाला सुचवतच नाही. तिचे चालू तास पुसून शून्य करून विकल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत, तेव्हा स्क्रीनवर 'कमी वापरलेली' दिसली म्हणून ती तशी असेलच असं नाही.

मदरबोर्डबद्दल मतं वेगळी असू शकतात. माझं मत: ज्या सॉकेटचे चांगले बोर्ड अजून नवे मिळतात तिथे नवा घ्या. बोर्डावर रॅमचे स्लॉट, यूएसबी, लॅन, आवाज, कार्डाचा स्लॉट अशी डझनभर जोडणी असतात आणि त्यातली एखादी फक्त यंत्र तापल्यावर दगा देते. शिवाय आपल्याकडे चिप-लेव्हल दुरुस्ती करणारे कारागीर उत्तम आहेत, त्यामुळे बाजारातल्या बऱ्याच बोर्डांना एकदा सोल्डरिंग आयर्न लागलेलं असतं. बोर्ड उजेडात तिरका धरा. एखाद्या चिपभोवती पिवळसर चिकट चकाकी दिसली किंवा तिथला टाका इतरांपेक्षा वेगळा वाटला, तर तो दुरुस्त केलेला आहे. एएम४ सॉकेटचे बोर्ड नवे मिळत होते, म्हणून आम्हाला निवड होती. एक्स७९ किंवा एक्स९९ च्या नावाने 'नवा' म्हणून मिळणाऱ्या बोर्डांवर मात्र बहुधा जुन्या बोर्डांवरून काढलेली चिपच बसवलेली असते, ते नव्याच्या रकान्यात धरू नका.

कॅबिनेट जुनी घ्यायला माझी काहीच हरकत नाही. आम्ही नवी घेतली ती भाच्याच्या हट्टाने.

पायरी ३: जुना प्रोसेसर पिनांवरून ओळखा

प्रोसेसर वापराने सहसा झिजत नाही. तो मरतो हाताळणीने. रायझनच्या एएम४ प्रोसेसरला पिना खाली, प्रोसेसरलाच असतात, एकूण १,३३१. कूलर घाईने उपटला की सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून ओढला जातो आणि पिना वाकतात. इंटेलच्या त्याच काळातल्या प्रोसेसरला खाली सपाट बिंदू असतात आणि नाजूक पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये. म्हणून जुना रायझन घेताना प्रोसेसर बघायचा, जुना इंटेल बोर्ड घेताना सॉकेट बघायचं.

बघायची रीत अशी. प्रोसेसर कडेने धरा, डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि मोबाइलचा टॉर्च मागून लावा. शेतातल्या सऱ्यांसारख्या ओळी सरळ दिसल्या पाहिजेत. मग ९० अंशांत फिरवून दुसऱ्या दिशेनेही तसंच बघा. एखादी पिन किंचित कललेली असेल तर चालेल, भाव मात्र उतरवून मागा. तुटलेली असेल तर नको. दुकानदार "चालू आहे, बघा" म्हणून यंत्र सुरू करूनही दाखवेल, पण काही पिना तुटल्या तरी प्रोसेसर चालतो आणि एका बाजूची रॅम दिसेनाशी होते. म्हणून चाचणीला रॅमच्या दोन्ही काड्या लावायला सांगा आणि पूर्ण १६ जीबी दिसते का ते पाहा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. आणि जुन्या प्रोसेसरसोबत कूलर असतोच असं नाही. तो वेगळा विकत घेतला की वाचलेल्या पाच हजारांतले हजारभर गेले. आम्ही भाव ठरवतानाच कूलर त्यात धरून मागितला.

पायरी ४: ग्राफिक्स कार्डासाठी अख्खी दुपार ठेवा

सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात आणि फसगतही इथेच होते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो मायनिंगचा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते नाणं खणणं बंद झालं. त्यानंतर हजारो कार्डं जुन्या बाजारात आली, आणि आजही फिरत असलेल्या आरएक्स ६६०० कार्डांमध्ये त्यातली असणारच. दुकानदार "मायनिंगचं नाही" म्हणेल. त्यावर वाद घालू नका. मायनिंगमध्ये कार्ड दिवसरात्र एकाच भाराखाली चालतं. त्याने मुख्य चिपचं फारसं बिघडत नाही. झिजतात ते पंखे, आणि वाळतात त्या मेमरीवरच्या थर्मल पॅडच्या गाद्या. या दोन्ही गोष्टी तपासता येतात.

बंद कार्ड आधी हातात घ्या. पंखा बोटाने हळू फिरवा. तो अडखळता कामा नये, आणि पाती वरखाली डुगडुगता कामा नये. मागची धातूची पट्टी बघा, जिथे केबल लागते. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या दमट हवेत राहिलेल्या कार्डाच्या पट्टीवर आणि स्क्रूंवर गंज चढतो. थोडा गंज म्हणजे कार्ड वाईट असं नाही. पण तीच हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड बोर्डाच्या टाक्यांवर दिसली तर कार्ड परत ठेवा. कडेला तेलकट ओघळ दिसला तर घाबरू नका. तो पॅडमधून झिरपलेला सिलिकॉनचा द्रव असतो. त्यावरून एवढंच कळतं की कार्ड बराच काळ तापलं आहे.

मग ते दुकानाच्या उघड्या बेंचवर लावायला सांगा. GPU-Z आणि FurMark पेन ड्राइव्हवर नेलेले बरे. कुणाचा पेन ड्राइव्ह लावायचा नाही असा काही दुकानांचा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. अशा वेळी त्यांना तुमच्यासमोर डाउनलोड करायला सांगा.

GPU-Z मध्ये आधी नावाकडे बघा. कमी दर्जाच्या कार्डात दुसरं बायॉस भरून वरचं नाव दाखवणारी कार्डं या बाजारात आहेत. काही बनावट कार्डांच्या नावापुढे हा प्रोग्रॅम स्वतःच `[FAKE]` लिहितो. नंतर `Shaders` चा आकडा. आरएक्स ६६०० ला तो `1792` असायला हवा. या रकान्याचा सर्वांत जास्त उपयोग आरएक्स ५८० घेणाऱ्यांना होतो, कारण त्याच नावाने दोन कार्डं विकली जातात, एक `2304` वालं आणि एक कमजोर, `2048` वालं. भाव मात्र पहिल्याचा सांगितला जातो. एक गैरसमज आधीच दूर करतो: आरएक्स ६६०० च्या `Bus Interface` मध्ये `x8` दिसेल. ती खराबी नाही, ते कार्ड बनवलंच तसं आहे.

आता FurMark पंधरा मिनिटं चालू ठेवा. दोन मिनिटांनी "बघा, चालतंय" म्हणून बंद करू देऊ नका. चहा मागवा. दोषी मेमरी अनेकदा तापल्यावरच बोलते: स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा येतात किंवा सगळं काळं होतं. यातलं काहीही एकदा जरी दिसलं तर "केबल सैल असेल" हे ऐकून केबल बदलून बघा, पण दुसऱ्यांदा दिसलं की उठा. त्याच वेळी GPU-Z च्या `Sensors` मध्ये दोन तापमानं बघा, सर्वसाधारण आणि `Hot Spot`. दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक नेहमीचा आहे. तीसच्या पुढे गेला की आतली पेस्ट वाळली आहे असं समजा. ती बदलता येते, दुकानदार बदलूनही देतो, पण त्याचे पैसे भावातून वजा झाले पाहिजेत. `Hot Spot` ११० अंशांपर्यंत चढत असेल तर कार्ड मर्यादेवर चाललं आहे, ते सोडा.

पंधरा मिनिटं झाली की पीसी बंद करून गरम असतानाच पुन्हा चालू करा. मग मॉनिटरची केबल एकेक करून सगळ्या पोर्टांत लावा. आम्ही बघितलेलं पहिलं कार्ड इथेच गळालं. सगळ्या चाचण्या पार झाल्या होत्या, पण एचडीएमआय पोर्टातून चित्रच येईना. दुकानदाराचं म्हणणं, डिस्प्ले पोर्ट वापरा. भाच्याच्या घरच्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय आहे. दुसरं कार्ड दोन दुकानं सोडून मिळालं, पंधरा मिनिटांनंतर फरक अठरा अंश, पंखे शांत. तेरा हजार सांगितले, साडेबाराला दिलं.

भावाबद्दल माझा ठोकताळा असा: कंपनीची वॉरंटी संपलेल्या कार्डाला नव्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. २०,५०० चे दोन तृतीयांश होतात साधारण १३,६५०. त्याच्या वर सांगितलं तर फरक एवढा कमी उरतो की नव्याची तीन वर्षांची वॉरंटी स्वस्त पडते. वॉरंटी शिल्लक आहे असं कुणी म्हणालं तर मूळ बिल मागा आणि सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तिथेच टाकून बघा. काही कंपन्या नंबरवर वॉरंटी देतात, काहींना पहिल्या ग्राहकाचं बिल लागतं.

पायरी ५: टेस्टिंग वॉरंटी कागदावर घ्या

जुन्या मालावर मिळते ती 'टेस्टिंग वॉरंटी', सात किंवा पंधरा दिवसांची. पंधरा मागा. बिलावर भागाचं पूर्ण नाव, सिरीयल नंबर, दिवस आणि बिघडल्यास पैसे परत की बदली, हे चारही लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी बदलीच मिळते. तेव्हा तोच भाग दुसरा नसला तर काय, हेही आधीच विचारून घ्या. आमच्या बिलावर दुकानदाराने हाताने लिहिलं, "सेम नसल्यास पैसे परत". दुकान आपला छोटा स्टिकर भागावर लावतं, तो काढू नका, तीच तुमची ओळख आहे. "बिल नको तर पाचशे कमी करतो" असं नव्या भागांबाबतही ऐकाल. सप्लाय आणि एसएसडीसारख्या नव्या भागावर ते कधीही मान्य करू नका, कारण नवा घेण्याचं अर्धं कारण ते बिलच आहे.

ओएलएक्स किंवा फेसबुकवरून एखाद्या व्यक्तीकडून घेणार असाल तर टेस्टिंग वॉरंटी नसते. मग त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या चालू पीसीत लावलेल्या अवस्थेत बघा आणि ॲडव्हान्स पाठवू नका.

पायरी ६: पहिला आठवडा पीसीला राबवा

टेस्टिंग वॉरंटीचे दिवस हे खरे चाचणीचे दिवस. पहिल्या रात्री MemTest86 पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि झोपा. जुन्या रॅमची परीक्षा दुकानात होत नाही, ती इथेच होते. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तर दोन्ही काड्या वेगवेगळ्या तपासा आणि जी दोषी असेल ती त्याच दिवशी परत न्या. रॅम दोषी असली की विंडोज बसवताना फाइल खराब असल्याचे संदेश येतात आणि नवशिके एसएसडीला दोष देत बसतात. म्हणून विंडोजच्या आधी रॅम तपासायची.

त्यानंतर रोजचं काम सुरू करा. मुद्दाम दुपारच्या उकाड्यात, एसी न लावता तासभर गेम चालवा. दुकानातल्या उघड्या बेंचवर जे कार्ड थंड होतं ते बंद कॅबिनेटमध्ये दहा अंश जास्त तापलेलं दिसू शकतं. पीसी अचानक रीस्टार्ट झाला, तर दिवस, वेळ आणि तेव्हा काय चालू होतं ते लिहून ठेवा. दुकानात "कधीकधी होतं" म्हणालात तर काही उपयोग होत नाही, "गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांनी, तीन वेळा" म्हणालात आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवलात तर बदली मिळते.

भाच्याच्या पीसीत सहाव्या दिवशी रॅमची एक काडी चाचणीत गळाली. पहिल्या रात्रीच तपास म्हणून सांगितलं होतं, त्याने गेमला आधी बसवलं. बिलावर पंधरा दिवस लिहिलेले होते. शनिवारी सकाळी तो काडी आणि बिल घेऊन ग्रँट रोडला गेला, दुकानदाराने स्टिकर बघितला, बेंचवर लावून खात्री केली आणि ड्रॉवरमधून दुसरी काढून दिली.